चित्राखालची ओळ

(कार्यकर्त्यांच्या तिमाही मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मोबाइलवर आलेला फोटो खोटा आहे की काय, हे ओळखायला आपण सगळे थोडंफार शिकलो आहोत. बोटं मोजा, कानातले डूल सारखे आहेत का बघा, मागच्या पाटीवरची अक्षरं वाचा. पण चित्रासारखा केलेला फोटो आला, म्हणजे जलरंगातला, पेन्सिलीतला किंवा जपानी ॲनिमेशनच्या शैलीतला, तर या खुणांचा काही उपयोग होत नाही. चित्रात बोट वाकडं आलं तर ती चित्रकाराची पद्धत असू शकते. पाटीवरची अक्षरं पुसट असली तर रंगच तसे ओघळले असतील. मग फसवणूक ओळखायची कशी? आज एवढंच बोलणार आहे.

मोबाइलवर ॲप नव्हतं तेव्हाचं एक उदाहरण घेऊ. जून 1994 मध्ये अमेरिकेत ओ. जे. सिम्पसन या प्रसिद्ध फुटबॉलपटूला खुनाच्या आरोपावरून अटक झाली. पोलिसांनी काढलेला त्याचा फोटो सर्वांना मिळाला. ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी 27 जूनच्या अंकाच्या मुखपृष्ठावर तोच फोटो घेतला. ‘न्यूजवीक’ने तो होता तसा छापला. ‘टाइम’ने तो मॅट माहुरिन या चित्रकाराकडे दिला. त्याने चेहरा बराच काळवंडवला, कडा अंधारात बुडवल्या आणि सगळ्या चित्राला एक भयाण कळा आणली.

दोन्ही अंक दुकानात शेजारी शेजारी लागले आणि लोकांच्या लगेच लक्षात आलं. खटला अजून सुरूही झाला नव्हता, आणि एका कृष्णवर्णी माणसाला आणखी काळा करून गुन्हेगारासारखा दाखवला होता. ‘टाइम’च्या संपादकांना पुढच्या अंकात वाचकांपुढे खुलासा करावा लागला. हे छायाचित्रावरून केलेलं चित्र आहे, अशी नोंद त्या अंकात होती. पण ती आत, अनुक्रमणिकेच्या पानावर बारीक अक्षरात. मुखपृष्ठ पाहणाऱ्याला ती दिसणार कशी?

या प्रकरणातून दोन गोष्टी घ्यायच्या. चित्रातली लबाडी उघडी पडली ती मूळ फोटो शेजारी आला म्हणून. आणि नोंद खरी असली तरी चित्रापासून दूर असेल, तर तिचा उपयोग नाही.

म्हणून असं चित्र समोर आलं की पहिलं काम मूळ फोटो शोधणं. मोबाइलमध्ये गूगल लेन्स उघडा, चित्र द्या आणि तेच चित्र आणखी कुठे आहे ते बघा. शैली बदलली तरी माणसांची मांडणी बहुधा तशीच राहते, त्यामुळे पुष्कळदा मूळ सापडतं. नाही सापडलं तर त्या माणसाचं नाव, गाव, प्रसंग आणि तारीख लिहून शोधा. एवढं करूनही मूळ मिळालं नाही, तर चित्र खोटं ठरत नाही; पण ते कशाचाही पुरावा धरायचं नाही आणि पुढे पाठवायचं नाही.

मूळ मिळालं की दोन्ही शेजारी ठेवा आणि तीनच गोष्टी तपासा. पहिली, कातडीचा रंग आणि चेहऱ्याची ठेवण. दुसरी, चेहऱ्यावरचा भाव. तिसरी, आजूबाजूला काय वाढलं आणि काय गेलं. रंग सपाट झाले, केस रेघांचे झाले, ही शैली झाली. भाव बदलला, तर अर्थ बदलला.

भाव बदलल्याने काय होतं ते आपल्याकडेही पाहिलं आहे. 28 मे 2023 रोजी दिल्लीत नव्या संसद भवनाकडे निघालेल्या आंदोलक कुस्तीपटूंना पोलिसांनी ताब्यात घेतलं. गाडीत काढलेल्या सेल्फीत विनेश आणि संगीता फोगट यांचे चेहरे गंभीर होते. थोड्याच वेळात तोच फोटो फिरू लागला, पण त्यात दोघी छान हसत होत्या. पडताळणी करणाऱ्यांनी मूळ सेल्फी फेसॲप या ॲपमध्ये घातला, तेव्हा तसंच हसू मिळालं. जागा तीच, कपडे तेच, माणसं तीच. बदलले ते फक्त ओठ आणि गाल. पण पाहणाऱ्याला वाटलं, यांचं आंदोलन नुसतं नाटक आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. पाड्यावरच्या एका आजीचा फोटो आमच्या एका कार्यकर्त्याने मदतीच्या आवाहनासाठी ॲपमधून रंगचित्रासारखा करून घेतला. हेतू चांगला होता. मी मूळ फोटो मागवून शेजारी ठेवला. आजीचा रंग उजळला होता. कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण गेलं होतं, ॲपने ते डाग समजून पुसलं असावं. मागची कुडाची भिंत पडकी झाली होती. आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. मूळ फोटोत आजी नाचणीची भाकरी थापत होती आणि चांगली हसत होती.

आम्ही ते चित्र वापरलं नाही. त्याखाली ‘ॲपने केलेलं चित्र’ असं लिहून भागलं असतं का? नाही. शैली बदलली असेल तर लेबल पुरतं. अर्थ बदलला असेल तर लेबल लावूनही ते चित्र खोटंच राहतं. ते आसू आजीचे नव्हते, आणि ते दाखवून पैसे मागणं म्हणजे तिच्याविषयी खोटं बोलणं होतं.

दुसऱ्यांदा केलं तेव्हा ॲपला सांगितलं, फक्त रंगशैली बदल. मग पुन्हा ताडून पाहिलं. गोंदण आलं, हसू आलं. आजीला दोन्ही दाखवून विचारलं. तिची संमती मिळाल्यावर चित्राच्या खालच्या पट्टीवर ही ओळ टाकली:

‘खऱ्या छायाचित्रावरून ॲपने केलेले चित्र. फक्त रंगशैली बदलली आहे. संमतीने.’

ही ओळ चित्रावरच का लिहायची? आपण फोटोसोबत मजकूर पाठवतो, पण दुसरा माणूस फोटो तेवढा जतन करतो आणि पुढे पाठवतो. मजकूर मागे राहतो. फाइलच्या आत लपलेली माहितीही व्हॉट्सॲपवर फोटो पाठवताना गळून जाते. चित्रावर लिहिलेली ओळ मात्र सोबत जाते. कोणी मुद्दाम कापली तर इलाज नाही, म्हणून ती अगदी कडेला न लिहिता चित्रावर थोडी वर घ्यावी. अक्षर एवढं मोठं ठेवा की मोबाइलवर न ताणता वाचता येईल.

शेवटी एक सावधगिरी. मुलांची ओळख लपावी म्हणून काही जण त्यांचे फोटो चित्रासारखे करतात. पण चित्र झालं तरी गावातला माणूस त्या पोरीला ओळखतोच. ओळख लपवायची असेल, तर पाठमोरा फोटो घ्या किंवा नुसते हात दाखवा.

उद्या असं एखादं चित्र तुमच्या गटात आलं, तर पाठवणाऱ्याला रागावू नका. एवढंच विचारा, “दादा, याचा मूळ फोटो आहे का?” आणि तो आला की दोन्ही शेजारी ठेवा.