बाजारपेठेतील शिडी
(दुधनी येथील समाजशास्त्राच्या पदवी-विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



सामाजिक स्तरीकरण म्हणजे समाजाची उतरंड, अशी व्याख्या पाठ्यपुस्तकात सापडते. ती समजून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. दुधनीच्या बाजार समितीच्या आवारात तुरीची पोती उतरू लागली, की ही उतरंड डोळ्यांसमोर उभी राहते. शेतकरी माल आणतो, हमाल तो उतरवतो, तोलार वजन करतो, दिवाणजी पट्टी लिहितो, अडत्या सौदा घडवून आणतो आणि खरेदीदार माल डाळमिलकडे नेतो. धान्य चाळणाऱ्या आणि सांडलेले दाणे गोळा करणाऱ्या स्त्रियाही तेथेच असतात. त्यांची गणना मात्र क्वचितच कोणी करतो.

या माणसांत केवळ कामाची वाटणी झालेली असती, तर तिला श्रमविभागणी म्हटले असते. येथे कामाबरोबर पैसा, मान आणि सत्ता यांचीही वाटणी होते, म्हणून हे स्तरीकरण. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी वर्ग, प्रतिष्ठा आणि सत्ता ही तीन अंगे वेगळी केली, ती याचसाठी. हमालाचा एखाद्या हंगामातील रोजगार दिवाणजीच्या पगाराहून अधिक भरेल. तरीही गादीवर बसायला दिवाणजीलाच मिळते. सत्तेचा प्रश्न आणखी निराळा. कृषी उत्पन्न पणन कायद्याने हमाल-तोलारांना बाजार समितीवर एक प्रतिनिधी दिला. गादीने जे दिले नव्हते, ते कायद्याने थोडेसे दिले. १९६९ च्या माथाडी कायद्याने अंगमेहनतीच्या असंघटित कामालाही नोंदणी, भविष्यनिधी यांसारखे संरक्षण देण्याची वाट उघडली. हमाल हमालच राहिला, पण त्याची पायरी पूर्वीइतकी निसरडी उरली नाही.

आता गतिशीलतेकडे वळू. हमालाचा मुलगा दुसऱ्याच्या टेम्पोवर चालक झाला, तर काम बदलले. पण मिळकत, मान आणि कामावरचा ताबा तेवढाच राहिला, तर ती आडवी गतिशीलता. तोच शिकून शिक्षक झाला, तर उभी. पिटिरिम सोरोकिन यांनी १९२७ साली हा भेद स्पष्ट केला. कधी माणूस जागचा हलत नाही, पायरीच खचते. इलेक्ट्रॉनिक काटा आला आणि तोलाराच्या हाताचे कसब स्वस्त झाले, हे त्याचे उदाहरण.

किती लोक वर चढले, एवढे मोजून समाज खुला झाला असे म्हणता येईल काय? हे तपासण्यासाठी एक कल्पित हिशेब मांडू. एका गावात शंभर बाप आहेत. दहा जण अडते, व्यापारी, शिक्षक अशा वरच्या व्यवसायांत, नव्वद जण हमाली, शेतमजुरी अशा खालच्या कामांत. प्रत्येकाला एक मुलगा. मुलांच्या पिढीत शाळा, बँका, कचेऱ्या वाढल्या आणि वरच्या जागा वीस झाल्या. त्यांपैकी आठ जागा वरच्या घरांतील मुलांना मिळाल्या, बारा खालच्या घरांतील मुलांना.

बारा जण चढले, हे खरे. पण वरच्या जागा दहाने वाढल्या नसत्या, तर वरच्या घरांतील दोघे घसरले तेवढ्याच, म्हणजे दोन जागा त्यांच्या वाट्याला आल्या असत्या. उरलेली दहा जणांची चढण ही जागा वाढल्याची किमया. तिला रचनात्मक गतिशीलता म्हणतात. दोघे उतरले आणि त्यांच्या जागी दोघे चढले, ती विनिमय गतिशीलता.

याहून बोलका दुसरा हिशेब. वरच्या दहा घरांतील आठ मुले वर राहिली, म्हणजे शेकडा ८०. खालच्या नव्वद घरांतील बारा वर गेली, म्हणजे शेकडा सुमारे १३. सर्वांना सारखी संधी असती, तर दोन्हीकडे शेकडा २० हा आकडा आला असता. शिडी लांब झाली. पण खालच्याला पहिली पायरी अजून उंचच आहे.

ती उंच का, याचे उत्तर अडतीच्या दुकानात मिळते. परवाना कागदावर कोणालाही मिळू शकतो. पण शेतकऱ्याला पट्टीचे पैसे वेळेवर चुकवायचे आणि खरेदीदाराकडून येणे उशिरा वसूल व्हायचे; मधला काळ काढायला भांडवल लागते. पेढीवर विश्वास ठेवणारी गावे लागतात, उधारी देणारे नातलग लागतात. भांडवल, ओळख आणि जात ही तिन्ही बहुधा एकाच घरात वारशाने उतरतात. हमालाच्या मुलाला हिशेब येत नाही म्हणून तो अडत्या होत नाही, असे नव्हे.

अशा तक्त्याची एक उणीव ध्यानात ठेवावी. बाप आणि मुलगा एवढेच त्यात मांडले, तर चाळणी मारणारी आई आणि तिची मुलगी हिशेबाबाहेर राहतात. म्हणून विद्यार्थ्यांनी आवारात पाहणी करताना प्रत्येक घरातील मुलामुलींचे आणि दोन्ही पालकांचे काम नोंदवावे, आणि किती चढले हे विचारण्याबरोबरच कोणाच्या घरातील शंभरांपैकी किती चढले, हेही विचारावे.