पुढचे यूएसबी बंद, मागचे चालू

मरोळमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. दुकानदारांचे जीएसटी रिटर्न भरतात. गेल्या महिन्यात १९ तारखेला त्यांचा फोन आला, "अरे, पुढचे दोन्ही यूएसबी गेले. दुकानवाला म्हणतो, मदरबोर्ड बदला." दुसऱ्या दिवशी रिटर्नची शेवटची तारीख. आणि डिजिटल सहीचं टोकन मागे लावायचं तर गुडघेदुखी असताना टेबलाखाली शिरायचं!

मी विचारलं, मागचे पोर्ट चालतात? हो. मग मदरबोर्डवर संशय नंतर. पुढचे पोर्ट बोर्डवर नसतातच, ते कॅबिनेटला असतात आणि एका केबलने बोर्डला जोडलेले असतात. दोन्ही एकदम गेले, म्हणजे आधी तीच केबल बघायची.

तपासायला आपला फोन पुरतो. डेटा केबलने तो आधी मागच्या पोर्टला लावा, फाइल दिसतात का बघा. मग तीच केबल पुढे. चार्जिंगच नाही, तर ५ व्होल्टची वीजच येत नाहीये. चार्जिंग होतं पण फाइल दिसत नाहीत, तर डेटाच्या तारेत गडबड. काकांकडे चार्जिंगच नव्हतं.

पीसी बंद केला, प्लग काढला, पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरलं. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्टॅटिक घालवली आणि बाजूचं झाकण उघडलं. बोर्डच्या खालच्या कडेला F_USB लिहिलेलं होतं (काही बोर्डांवर JUSB असतं). तिथला प्लग अर्धा वर आलेला! काकांनी साफसफाईत ब्लोअर मारला होता, केबलला ओढ बसली असणार.

इथे घाई नको. या यूएसबी २ हेडरमध्ये पाच-पाच पिनांच्या दोन रांगा असतात आणि एका कोपऱ्यातली पिन मुद्दाम नसते. प्लगचं बुजवलेलं भोक त्याच कोपऱ्यावर यायला हवं. ऑडिओचं हेडर अगदी असंच दिसतं, पण त्यात गाळलेली पिन कोपऱ्यात नसते, एक घर आत असते. बसत नसेल तर जोर लावू नका, पाच व्होल्ट भलतीकडे जातील.

प्लग सरळ दाबला, पीसी चालू केला. एक पोर्ट चालला! दुसऱ्यावर फोन चार्ज होतोय, पण फाइल नाहीत. एक रांग म्हणजे एक पोर्ट, त्यामुळे कुठे बघायचं ते कळलं. परत सगळं बंद करून प्लग काढला. त्या रांगेतली एक पिन वाकलेली. संपलेल्या रिफिलच्या पोकळ नळीत ती धरून हळूच सरळ केली. दोनदा वाकवली की तुटते, म्हणून एकदाच. तुटली असती, तर शेजारच्या दुसऱ्या F_USB हेडरवर केबल लावली असती. तिथेही बंदच, तर केबल किंवा पुढची पट्टी खराब, ती वेगळी मिळते.

टोकन लावलं, त्याचा दिवा लागला. काकांनी रात्रीच रिटर्न भरायला घेतले.