तळाशी बसलेली पूड

पोलीस भरतीसाठी धुळ्यात पहाटे पळणाऱ्या एका पोराची गोष्ट सांगतो. परवा तो पोट धरून दवाखान्यात आला. चार दिवसांपासून मुरडा आणि पातळ जुलाब. म्हणाला, ‘डॉक्टर, क्रिएटिन मला सोसत नाही.’ मी विचारलं, घेतोस कसं? दहा ग्रॅम एकदम, उपाशीपोटी, फ्रिजमधल्या गार पाण्याच्या पेल्यातून! ढवळायचं आणि गटकन प्यायचं. तळाशी पांढरा थर राहिला, तर बोटानं चाटायचा.

अरे भाऊ, २०० मिलिलिटर गार पाण्यात क्रिएटिन जेमतेम सव्वा ग्रॅम विरघळतं. उरलेलं पावणेनऊ ग्रॅम तू कोरडंच पोटात ढकललंस.

आता घरातलं लोणचं आठवा. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की तासाभरात पातेल्यात पाणी दिसतं. मिठानं ते फोडींतून ओढून घेतलेलं असतं. न शोषलेलं क्रिएटिन आतड्यात हेच करतं. तुमचं आतडं म्हणजे ती फोड. चिमूटभर मीठ लावा, फोड जेमतेम ओलसर होते. मूठभर टाका, पातेलं भरतं. या पोराचं पातेलं रोज पहाटे मैदानावर भरत होतं, तेही पळता पळता.

म्हणून मात्रा तोडा. २००८ साली फुटबॉलपटूंवर झालेल्या एका अभ्यासात दहा ग्रॅम एकदम घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना जुलाब झाले. तेच दहा ग्रॅम पाच-पाच करून दोनदा घेणाऱ्यांत हे प्रमाण जवळपास निम्मं होतं, आणि नुसती खोटी पूड घेणाऱ्यांपेक्षाही थोडं कमीच. पुन्हा सांगतो, तेच दहा ग्रॅम, फक्त दोन वेळांत. पहिल्या आठवड्यात रोज २० ग्रॅम घ्यायचा जो सल्ला जिममध्ये मिळतो, त्याची तर गरजच नाही. रोज तीन ग्रॅम घेतलं तरी महिनाभरात स्नायू तेवढेच भरतात. भरती काय उद्या आहे का?

आणि विरघळवा. पाच ग्रॅमला साध्या पाण्याचे दोन पेले तरी हवेत. कोमट असेल तर एक पुरतो. ढवळून दोन मिनिटं ठेवा, पेला उजेडात धरा. तळाशी कण दिसले तर आणखी पाणी घाला. चाटू नका! जेवणानंतर प्या, पळायच्या आधी नको. सकाळचं कालवलेलं दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका.

दुधात किंवा प्रोटीन पावडरीत मिसळत असाल, तर दोष दुधाचाही असू शकतो. आठवडाभर नुसत्या पाण्यातून घेऊन बघा.

एवढं मात्र ऐका. क्रिएटिन बंद करून तीन दिवस झाले तरी जुलाब थांबत नसतील, ताप असेल किंवा रक्त पडत असेल, तर कारण वेगळं आहे, डॉक्टरकडे जा. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय डब्याला हात लावू नये.

तो पोरगा आता तीन ग्रॅम घेतो, दुपारच्या जेवणानंतर, कोमट पाण्यातून. मुरडा गेला.