खुर्ची तुमचीच

मी फौजेतून निवृत्त झालो, राहतो महूला. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत लवकर गेलो. गार्ड ओळखीचा, त्याने आत बसवलं. मॅनेजर साहेब स्टाफला हिंदीत नव्या चॅटबॉटबद्दल सांगत होते.

"शिल्लक किती, चेकबुक कधी, सुट्टी कधी, हे तो सांगेल. तुमची खुर्ची घेणार नाही."

मग उदाहरण दिलं. केंद्र सरकारचे पेन्शनर वारले. पत्नी विचारते, खातं बंद कसं करू? चॅटबॉट बंद करण्याची रीत सांगेल, तिने तेवढंच विचारलंय. काउंटरवरच्या माणसाने आधी पासबुक आणि पीपीओ पाहायचा. खातं दोघांचं, 'आयदर ऑर सर्व्हायवर' असेल आणि पीपीओत फॅमिली पेन्शनसाठी तिचं नाव असेल, तर पेन्शन त्याच खात्यात येते. नवं खातं उघडायला लावायचं नाही.

एका क्लार्क ताईंनी विचारलं, "सर, तीन काउंटर तीनच राहणार ना?"

साहेब थांबले. "माझ्या हातात आहे तोवर. वरचं कसं सांगू?"

मला हे आवडलं. खोटा दिलासा जवानही लगेच ओळखतात.

ताई काही बोलल्या नाहीत. शटर वर गेलं, पहिला नंबर माझा होता.