शिक्षा संपल्यानंतरची कैद



शिक्षेची मुदत संपली की कैदी सुटतो, अशी आपली साहजिक समजूत असते. परमुलखातील कैद्याच्या बाबतीत ती खरी ठरतेच असे नाही. तो कोणत्या देशाचा, हे सिद्ध होईपर्यंत त्याला पाठवायचे कोठे, हा प्रश्न उरतोच.

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील कित्येक माणसे गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रावर सरहद्दीची रेघ दिसत नाही. मासळीमागे गेलेली बोट पाकिस्तानचे सागरी सुरक्षादल पकडते, आणि खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जाऊन पडतात. शिक्षा बहुधा काही महिन्यांची असते. परतायला मात्र वर्षे लागतात.

२१ मे २००८ रोजी भारत व पाकिस्तान यांनी यासंबंधी करार केला. दर वर्षी १ जानेवारी व १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना द्यावयाच्या, अटकेनंतर तीन महिन्यांच्या आत वकिलातीच्या अधिकाऱ्यास कैद्याची भेट घेऊ द्यावयाची, आणि शिक्षा संपून राष्ट्रीयत्व निश्चित झाल्यावर एका महिन्यात त्यास परत पाठवावयाचे, असे त्यात ठरले. सारी मेख 'राष्ट्रीयत्व निश्चित झाल्यावर' या शब्दांत आहे.

समजा, डहाणू तालुक्यातील एक बाळू पकडला गेला. त्याला मराठीखेरीज मोडकी गुजराती तेवढी येते. ओळखीचे कागद जप्त झालेल्या बोटीत राहिले. लिहून घेणारा अंमलदार ते नाव उर्दूत लिहितो. उर्दूत 'ळ' नाही आणि 'ण'ही नाही. ऱ्हस्व स्वर तर बहुधा लिहिलेच जात नाहीत. बाळूचा बालू किंवा बालो होतो, डहाणूचे रूपही पालटते. पुढे ते इंग्रजीत उतरते. कराचीतील भारतीय वकिलात १९९४ पासून बंद असल्याने हा कागद इस्लामाबादहून दिल्लीस, तेथून राज्याच्या गृहखात्याकडे व अखेर तालुक्याच्या पोलीस ठाण्यात पोहोचतो. हवालदार मतदारयादी उघडतो. त्या नावाचा मनुष्य नाही. 'तपास लागत नाही' असा शेरा मारून कागद त्याच वाटेने माघारी जातो. इकडे बाळूची शिक्षा केव्हाच संपलेली असते.

यावर तोडगा साधा आहे. भेटीस जाणाऱ्या अधिकाऱ्याने कैद्याच्या तोंडून बापाचे नाव, पाडा, जवळचे स्टेशन, शेजाऱ्याचे नाव, बोटीच्या तांडेलाचे नाव ऐकून घ्यावे आणि ते शक्यतो देवनागरीत टिपावे. घरच्यांनीही बोट धरल्याची वार्ता येताच वाट पाहत न बसता शिधापत्रिकेची नक्कल व छायाचित्र तहसीलदारापाशी नोंदवावे. म्हणजे चौकशीचा कागद गावी येण्यापूर्वी त्याचे उत्तर तयार असेल. राष्ट्रीयत्व पटले की वकिलात तात्पुरते प्रवासपत्र देते.

दोन सरकारांचे संबंध बिघडले की तयार कागदही पडून राहतो, आणि त्यावर तहसीलदाराचा इलाज नाही. पण केवळ एका 'ळ'पायी कोणाची वर्षे तुरुंगात जाऊ नयेत, एवढे तरी आपल्या हाती आहे.