चौदा कोटी, त्यावर एकही नाही

(शारदीय व्याख्यानमालेत, दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी छत्रपती संभाजीनगर येथे दिलेले व्याख्यान)



उद्या दुपारनंतर आपल्या शहरात काय होणार हे इथं बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कर्णपुऱ्याच्या देवीला रीघ लागेल, दारांवर झेंडूची तोरणं असतील, घटात उगवलेलं धान टोपीत खोवून म्हातारी माणसं घराबाहेर पडतील. नातवंडं पाया पडायला येतील, हातावर पान ठेवतील आणि आपण म्हणू, "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा." आजच्या विषयाचं नाव 'नातवंडांना दसऱ्याच्या शुभेच्छा' असं आहे. मला त्यापुढच्या एका मिनिटाबद्दल बोलायचं आहे. लेकरू पान घेतं आणि तिथंच उभं राहतं. त्याला काहीतरी ऐकायचं असतं. तेव्हा आपण सांगतो, "चांगल्याचा वाईटावर विजय झाला तो हा दिवस." ते मान डोलावून निघून जातं, कारण या वाक्यात त्याला धरायला काहीच नसतं.

मुलांचे प्रश्न सोपे नसतात. माझ्या नातीनं विचारलं होतं, "आबा, रावण मेला ना? मग दरवर्षी परत कुठून येतो?" तिच्या धाकट्या भावाला वेगळीच शंका होती. ज्याच्याकडे बाण मोठा तो चांगला का? ही शंका फार खरी आहे. आपण गोष्ट लढाईपाशी संपवतो, त्यामुळे मुलाला एवढंच कळतं की जो जिंकला तो चांगला. म्हणून मी गोष्ट लढाईनंतर सुरू करतो.

वाल्मीकींच्या रामायणात रावण पडल्यावर बिभीषण भावाचे अंत्यसंस्कार करायला कचरतो. असल्या अधर्म्याला मी अग्नी कसा देऊ, असं त्याचं म्हणणं. तेव्हा राम त्याला समजावतो की वैर मरणापर्यंतच असतं. ते आता संपलं. तो जसा तुझा, तसाच माझाही. मग रावणाला रीतसर अग्नी दिला जातो. लंका जिंकलेली असते, पण राम ती ठेवून घेत नाही, बिभीषणाला देतो. लहान मुलाला एवढं नीट कळतं: ज्याला जिंकल्यावर थांबता आलं तो राम.

थांबता न येणारा कसा दिसतो, हे दाखवायला आपल्याला लांब जावं लागत नाही. वेरूळ इथून तीसेक किलोमीटर. आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात कोरलेल्या कैलास लेण्यात, दक्षिणेच्या अंगाला, रावण कैलास हलवतो आहे असं शिल्प आहे. मुलांना घेऊन जा आणि घाई करू नका. खाली अंधाऱ्या पोकळीत रावण, वीस हातांनी पर्वताला भिडलेला. वर पार्वती घाबरून शंकराला बिलगलेली, एक दासी पळत सुटलेली. शंकर मात्र शांत बसलेला, नुसता पाय दाबतो आहे. मी मुलांना विचारतो, "यात कोण जास्त जोर लावतंय?" सगळी रावणाकडे बोट दाखवतात. "आणि जिंकतंय कोण?" मग जरा वेळ कुणी बोलत नाही. पुढची गोष्ट दगडात नाही, ती आपण सांगायची. डोंगराखाली चिरडलेला रावण फार काळ स्तुती करत राहिला, तेव्हा शंकरानं त्याला सोडलं, वर चंद्रहास नावाची तलवारही दिली. धाकट्याला हे मुळीच पटलं नाही. वाईट माणसाला तलवार द्यायची कशाला? मलाही त्याचं उत्तर येत नाही, आणि तसं मी त्याला सांगितलं. गोष्ट सांगणाऱ्यानं प्रत्येक गाठ सोडवलीच पाहिजे असं नाही.

आता पानाची गोष्ट. दसऱ्याची खरी मराठी गोष्ट मी हीच मानतो, कारण हिच्यात खलनायकच नाही. वरतंतू ऋषींचा शिष्य कौत्स. शिकून झाल्यावर म्हणाला, "गुरुदक्षिणा काय देऊ?" गुरू म्हणाले, तुझी सेवाच पुरे. कौत्स ऐकेना. पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. शेवटी गुरू चिडले: चौदा विद्या शिकलास ना, मग चौदा कोटी आण. (गुरुजी चिडले, इथं मुलं हमखास हसतात. हसू द्या.) कौत्स रघुराजाकडे गेला. रघूनं नुकताच विश्वजित यज्ञ करून सारं दान केलेलं. पाहुण्याला अर्घ्य द्यायलाही मातीचं भांडं. ते पाहून कौत्स मुकाट्यानं माघारी वळला. रघूनं त्याला अडवलं. माझ्या दारातून मागणारा रिकाम्या हातानं जाणार नाही, दोन-तीन दिवस थांब. आणि कुबेरावर स्वारी करायचं ठरवून तो रात्री रथातच झोपला. स्वारी झालीच नाही. त्या रात्रीच सोन्याचा पाऊस पडला. कालिदासाच्या रघुवंशात तो कोषागारात पडतो, आपल्या घरांतल्या गोष्टीत आपट्याच्या झाडावर. आपण आपली घरचीच सांगावी.

इथवर सगळे सांगतात. मी मुलांना पुढच्या भांडणापाशी बसवतो. ढीग चौदा कोटींहून कितीतरी मोठा. रघू म्हणतो, सगळं तुझ्यासाठी आलं, सगळं ने. कौत्स म्हणतो, मला चौदा कोटी हवेत, त्यावर एकही नको. रघू म्हणतो, मीही ठेवणार नाही. जगातली बहुतेक भांडणं 'मला जास्त हवं' यावरून होतात, हे भांडण 'मला जास्त नको' यावरून आहे. मुलांना ही गंमत लगेच कळते, कारण घरी शेवटच्या करंजीवरून त्यांचं नेमकं उलटं भांडण चालू असतं. उरलेलं सोनं लोकांनी वाटून नेलं, म्हणून दसऱ्याला आपण सोनं लुटतो.

याच दिवसाची तिसरी वाट आपल्या शहरात डोळ्यांसमोर आहे. विद्यापीठामागच्या बुद्धलेण्यांकडे पांढऱ्या कपड्यांतली माणसं जातात, ती अशोक विजयादशमीसाठी. 1956 साली, 14 ऑक्टोबरला, नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेसाठी हाच दिवस निवडला होता. अशोकानं कलिंग जिंकलं, आणि तिथं लाखभर माणसं मारली गेली याचा पश्चात्ताप स्वतःच्या शिलालेखात कोरून ठेवला. कुठला राजा आपल्या विजयाची लाज दगडावर लिहितो? नातवंडांपुढे हे वेगळ्या धर्माचं म्हणून बाजूला ठेवू नका.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. गेली काही वर्षं बाजारात आपटा म्हणून कांचनाच्या फांद्याही विकल्या जातात. आपट्याचं पान लहान, लांबीपेक्षा रुंद, हाताला जाड आणि खरखरीत लागतं, खालून फिकट असतं. कांचनाचं मोठं आणि त्या मानानं मऊ. मुलांना दोन्ही हातात द्या, त्यांना फरक पटकन कळतो. रात्री आठनंतर गुलमंडीवरून चक्कर मारलीत, तर तुडवलेल्या पानांचा खच दिसेल. त्यासाठी अख्ख्या फांद्या तोडलेल्या असतात. आमच्या घरी आता माणशी एकच पान आणतात. नात ते पाहुण्याच्या हातावर ठेवते आणि सांगते, "कौत्सानं मोजून घेतलं होतं." पाहुण्यांना काही कळत नाही. मग तिला सगळी गोष्ट पहिल्यापासून सांगावी लागते, आणि गुरुजी चिडले तिथं ती अजून स्वतःच आधी हसते.