तेजीतही आत्महत्या का वाढतात? ॲनॉमीवरच्या एका उत्तराची मांडणी



अध्यक्षाने विषयाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. ती बाजूला ठेवून मी आज परीक्षेतल्या एका प्रश्नाचे उत्तर तुमच्यासमोर मांडणार आहे. प्रश्न तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे: ‘सामाजिक नियमन सैल झाले की आत्महत्येचा दर का वाढतो, ते ॲनॉमीच्या संकल्पनेच्या आधारे स्पष्ट करा.’ समाजशास्त्राच्या पहिल्याच वर्षी मुलांची या प्रश्नाशी गाठ पडते. उत्तरात आत्महत्येच्या चार प्रकारांच्या व्याख्या येतात, दुर्खीम यांचे जन्मवर्ष येते, आणि मग ‘गरिबी, बेकारी व ताण यांमुळे माणूस आत्महत्या करतो’ असे एक वाक्य येते. जी समजूत खोडून काढायला दुर्खीम यांनी एक अख्खे प्रकरण खर्ची घातले, तीच अशी त्यांच्या नावावर जमा होते. मला याचे मनापासून वाईट वाटते, कारण नवख्या विद्यार्थ्यालाही हे उत्तर नीट लिहिता येण्यासारखे आहे.

सुरुवात दरापासून करायची. एखादा माणूस का गेला, हा एक प्रश्न. एखाद्या देशात वर्षाला दहा लाखांमागे इतकीच माणसे का जातात, हा वेगळा प्रश्न. ‘आत्महत्या’ हे एमिल दुर्खीम यांचे पुस्तक १८९७ साली आले. त्यात त्यांनी दाखवले की एकाच देशाचा आकडा वर्षानुवर्षे फारसा हलत नाही. माणसे दरवर्षी वेगळी, त्यांची दुःखे वेगळी, तरी आकडा जवळपास तोच. मग त्या आकड्याचे कारण एकेका माणसाच्या आयुष्यात शोधून कसे सापडेल? सरकारी नोंदीत ‘कारण’ म्हणून एक रकाना असे: कौटुंबिक कलह, आर्थिक नुकसान, आजार. दुर्खीम यांचा त्यावर भरवसा नव्हता. ती नोंद करणाऱ्याची समजूत, असे ते म्हणत. शिवाय एकूण आत्महत्या वाढल्या तरी या कारणांचे आपसातले प्रमाण जवळपास तसेच राहते, हे त्यांनी दाखवून दिले. वाढ झाली ती दुसऱ्याच कशामुळे तरी. विद्यार्थ्याने पहिला परिच्छेद इथे संपवावा.

मग उदाहरण घ्यावे, आणि एकच पण पुरते घ्यावे. मी व्हिएन्ना घेतो. १ मे १८७३ रोजी तिथल्या प्राटर बागेत मोठे जागतिक प्रदर्शन सुरू झाले. शहर आधीच्या काही वर्षांत भराभर वाढले होते, नव्या बँका आणि बांधकाम कंपन्या निघाल्या होत्या, शेअर्सचे भाव चढत होते. प्रदर्शनाला जेमतेम आठवडा झाला आणि ९ मे रोजी शेअर बाजार कोसळला. दुर्खीम यांनी दिलेले आकडे असे आहेत: व्हिएन्नात १८७२ मध्ये १४१ आत्महत्या झाल्या, १८७३ मध्ये १५३, आणि संकट टोकाला पोचले त्या १८७४ मध्ये २१६. म्हणजे दोन वर्षांत ५३ टक्के वाढ.

इथे थोडे थांबून आकडेमोड पाहायला हवी. हे आकडे म्हणजे दर नव्हे, नुसती संख्या आहे. शहराची लोकसंख्या वाढत असली की संख्या तशीही वाढते. म्हणून विद्यार्थ्याने विचारावे की दोन वर्षांत शहराची लोकसंख्या निम्म्याने वाढली असेल का? तसे होणे शक्य नाही, तेव्हा वाढ खरी मानायला हरकत नाही. पण १८७३ च्याच उन्हाळ्यात शहरात कॉलराची साथही होती. एका शहरावरून सिद्धांत सिद्ध होत नाही, त्यावरून फक्त शंका घ्यायला जागा मिळते.

बहुतेक उत्तरे व्हिएन्नाशी थांबतात. पैसे बुडाले, लोक हताश झाले, उत्तर संपले. दुर्खीम यांचा युक्तिवाद मात्र इथूनच सुरू होतो. माणसे गरिबीमुळे जात असतील तर भरभराटीत आकडा खाली यायला हवा. ते इटलीकडे वळतात. १८७० मध्ये देशाचे एकीकरण पुरे झाले, व्यापार व उद्योग वाढले, मजुरी वाढली. आधीच्या वर्षांत आत्महत्यांचा दर दहा लाखांमागे सुमारे २९ होता. १८७७ पर्यंत तो ४० च्या पुढे गेला. उलट बाजूही ते मांडतात. आयर्लंडचा शेतकरी हलाखीत जगत होता, तिथे आत्महत्या फार थोड्या. इटलीतला कालाब्रिया अत्यंत गरीब, तिथे जवळपास नाहीतच. मंदीत आकडा वाढतो, अचानक आलेल्या तेजीत वाढतो, आणि सवयीच्या दारिद्र्यात मात्र तो कमी असतो. या तिन्ही गोष्टींना पुरेल असे एकच कारण सांगता येते का? प्रश्नाचा गाभा हा आहे, आणि उत्तरातली निम्मी जागा त्याला द्यायला हवी.

दुर्खीम यांचे कारण असे. भुकेला शरीर मर्यादा घालते, पोट भरले की ती संपते. घर, पैसा, मान, ऐषआराम यांच्या ओढीला शरीरात कुठेच मर्यादा नाही. कितीही मिळाले तरी आणखी हवेसे वाटते, आणि जे कधीच पुरे होणार नाही त्याच्या मागे धावणे ही यातनाच असते. ती मर्यादा बाहेरूनच यावी लागते, आणि ज्याचा अधिकार माणूस मनातून मानतो अशाकडूनच यावी लागते. ते काम समाज करतो. कोणत्याही काळात लोकमानसात एक अलिखित श्रेणी असते: अमुक कामाला एवढा मोबदला रास्त, अमुक माणसाने एवढ्या सुखाची अपेक्षा धरावी, त्याहून जास्त म्हणजे हाव आणि त्याहून कमी म्हणजे अन्याय. ही श्रेणी कोणी ठरवून दिलेली नसते, पण तिच्यामुळे माणसाला आपल्या वाट्याला आलेले पुरेसे वाटू शकते. दुर्खीम ज्याला नियमन म्हणतात ते मुख्यतः हे. कायदा आणि पोलीस हा त्याचा लहानसा भाग आहे.

आता व्हिएन्ना आणि इटली एकाच चौकटीत बसतात. व्हिएन्नातला दलाल एका दिवसात खालच्या पायरीवर येतो. त्या पायरीला लागणारा संयम त्याच्या अंगवळणी पडलेला नसतो आणि तो शिकायला वेळ मिळत नाही. इटलीत वाढत्या कमाईचा माणूस वर जातो. जुनी मर्यादा त्याला लागू होत नाही आणि नवी अजून ठरलेली नाही, त्यामुळे काय मिळाले म्हणजे पुरे हे त्यालाही सांगता येत नाही आणि शेजाऱ्यालाही. दोघांच्याही बाबतीत श्रेणी मोडली आहे, आणि ती पुन्हा बसायला वेळ लागतो. या मधल्या काळातल्या अवस्थेला ॲनॉमी म्हणायचे, आपल्या पाठ्यपुस्तकांत ‘प्रमाणकशून्यता’. सवयीच्या गरिबीत श्रेणी मोडलेली नसते, अपेक्षा मुळातच आटोक्यात असतात, म्हणून तिथे आकडा कमी. दुर्खीम यांच्या मते व्यापार-उद्योगाच्या जगात ही अवस्था तात्पुरती उरलेली नव्हती, ती कायमची झाली होती.

इथे दोन घोटाळे होतात. पहिला आत्मकेंद्री आत्महत्येशी. माणसांची एकमेकांशी असलेली जोड सैल होते तेव्हा आत्मकेंद्री, इच्छांवरचा समाजाचा लगाम सैल होतो तेव्हा ॲनॉमिक. दोन्ही एकाच ठिकाणी दिसू शकतात, म्हणून विद्यार्थी त्यांची सरमिसळ करतो. दुसरा घोटाळा रॉबर्ट मर्टन यांच्याशी. त्यांचा १९३८ सालचा ॲनॉमीवरचा लेख समाजाने ठरवलेली ध्येये आणि तिथे पोचण्याचे मान्य मार्ग यांच्यातल्या दरीबद्दल आहे. या उत्तरात ती दरी आणायचे कारण नाही.

आपल्याकडचा विद्यार्थी उदाहरण म्हणून विदर्भातला कापूस उत्पादक शेतकरी घेतो. घ्यावा, पण नुसते ‘कर्ज’ लिहिले तर तो पुन्हा ‘कारण’ रकान्यात जाऊन बसला. नगदी पिकाच्या बाजारात शिरल्यावर अपेक्षा किती वर गेल्या, गावाची जुनी मापे कशी सुटली आणि मग भाव पडला तेव्हा काय झाले, हे दाखवले तरच दुर्खीम यांचा संबंध येतो. बी. बी. मोहंती यांनी २००५ मध्ये अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांवर लिहिताना दुर्खीम यांचाच आधार घेतला आहे. वरच्या जातींचे मोठे-मध्यम शेतकरी आणि खालच्या जातींचे अल्पभूधारक यांचा विचार ते वेगवेगळा करतात. या भागात काम करणाऱ्या आपल्या तरुण मंडळींनी तो लेख जरूर वाचावा.

मर्यादाही लिहायला हव्यात. दुर्खीम यांच्याच परंपरेतले मॉरिस हाल्बवाक्स यांनी १९३० मध्ये आकडे पुन्हा तपासले. मंदीत आत्महत्या वाढतात हे त्यांना मान्य झाले, तेजीत वाढतात हे नाही. म्हणजे सिद्धांताचा सर्वांत धाडसी भागच वादात आहे. १९६७ मध्ये जॅक डग्लस यांनी आणखी मुळाशी हात घातला. कोणता मृत्यू आत्महत्या म्हणून नोंदला जातो, हे घरच्यांच्या आणि अधिकाऱ्यांच्या समजुतीवर ठरते. जिथे कुटुंबे एकमेकांना धरून आहेत तिथे आत्महत्या लपवण्याची धडपडही जास्त असते. ‘कारण’ रकान्यावर दुर्खीम यांनी जी शंका घेतली, ती त्यांनी एकूण आकड्यावर घेतली नाही.

पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती अडचण दुर्खीम यांना स्वतःच्याच तक्त्यांत सापडली. त्यांनी ॲनॉमीचा एक कौटुंबिक प्रकारही मांडला. जिथे घटस्फोट जास्त तिथे विवाहाचा लगाम सैल, म्हणून आत्महत्या जास्त. पुरुषांच्या बाबतीत आकडे जुळले. स्त्रियांच्या बाबतीत उलटे निघाले: जिथे घटस्फोट सोपा तिथे विवाहित स्त्रीची स्थिती बरी, जिथे तो नाही तिथे विवाह तिला जास्त जाचक. दुर्खीम यांनी हे लपवले नाही, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. स्पष्टीकरण मात्र फार दुबळे दिले. स्त्रीच्या इच्छा स्वभावतःच मर्यादित असतात, म्हणून तिला या लगामाची गरज नाही, असे ते म्हणाले. याला त्यांनी कसलाही पुरावा दिलेला नाही. त्यांच्याच आकड्यांतून निघणारा सरळ अर्थ असा की नियमन सैल झाल्यानेच नव्हे, ते फार आवळल्यानेही माणसे जातात. हा चौथा प्रकार, दैववादी आत्महत्या, त्यांनी एका तळटीपेत उरकला. तिथे उदाहरणे आहेत ती फार लहान वयात लग्न झालेल्या नवऱ्यांची, अपत्य नसलेल्या विवाहित स्त्रियांची आणि गुलामांची.

आपल्या देशात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालात ‘गृहिणी’ हा वेगळा गट असतो, आणि अलीकडच्या वर्षांत त्यात दरवर्षी वीस हजारांहून अधिक आत्महत्या नोंदल्या गेल्या आहेत. हीही नुसती संख्या आहे, दर नव्हे, हे विसरायचे नाही. पण लवकर लग्न, घराबाहेर पडायला बंदी, माहेरी परतायची वाट बंद, अशा जगण्यातल्या स्त्रीवर लगाम सैल आहे असे कोण म्हणेल? विद्यार्थ्याने हा गट ॲनॉमीचे उदाहरण म्हणून लिहिला तर त्याचे गुण जातील, आणि योग्यच जातील. या गटासाठी तळटीपेतला चौथा प्रकार वर काढावा लागतो. त्यासाठी स्वतंत्र आकडे दुर्खीम यांनी कधी मांडले नाहीत. ते आपल्याला, इथेच, गोळा करावे लागतील.